टूथपिक कोरडी येईपर्यंत थांबायचं नाही : ब्राउनीच्या नोंदी

६ एप्रिल, रविवार

भाचीचा वाढदिवस ४ मेला आहे आणि तिला केक नको ब्राउनी पाहिजे, ती पण बाहेरची नको मामीच्या हातची, आतून ओलसर चिकट अशी. हाव म्हणून बसले. महिना हातात आहे, म्हणून वहीत लिहून ठेवते, नाहीतर दर वेळी तेच प्रयोग आणि तेच विसरणं.

माझं सामान एकदा लिहून टाकते, पुढे हेच धरून चालायचं. सात इंची चौकोनी अॅल्युमिनियमचा टिन, आत बटर पेपर. बटर १०० ग्रॅम, डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी २, मैदा ६० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. वरून टाकायला चॉकलेटचे तुकडे ५० ग्रॅम. गंजात पाणी उकळवून त्यावर वाटीत बटर-चॉकलेट वितळवलं, साखर आणि अंडी चांगली पाचेक मिनिटं फेटली, मग सगळं एकत्र. मैदा शेवटी आणि फक्त दिसेनासा होईपर्यंत हलवायचा.

ओटीजी २८ लिटरचा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, डायल १८० वर. लाल दिवा बंद झाल्याबरोबर टिन मधल्या जाळीवर टाकला. १८ मिनिटांनी टूथपिक टोचली तर चक्क कोरडी आली. खूश होऊन बाहेर काढला, वीस मिनिटांनी कापला तर कडा कडक आणि मधे अक्षरशः रस्सा. चाकू काढला तर खड्डा आपोआप भरला. आई (सासूबाई) बघून म्हणाल्या, "हे ब्राउनी होय का चॉकलेटची कढी करून राहिली तू?"

पोट्ट्यांनी चमच्याने खाल्ली, ते काहीही खातात. अंडं कच्चं राहिलं असेल या धास्तीने मी मधला भाग फेकून दिला.

८ एप्रिल, मंगळवार

रात्री परत. सगळं तेच, डायल तीच. या वेळी ठरवलं की टूथपिक चार ठिकाणी टोचायची आणि चारही कोरड्या आल्याशिवाय काढायचं नाही. १८ ला ओली, २२ ला ओली, २६ ला दोन कोरड्या दोन चॉकलेटने माखलेल्या, २९ ला अजून एक माखलेली. ३२ मिनिटांनी वैतागून काढली. थंड झाल्यावर कापली तर भुसभुशीत, चहात बुडवायच्या लायकीची, कडेचा तुकडा तर बिस्कीटच.

म्हणजे रविवारी टूथपिक कोरडी होती तर आत कच्चं, आणि आज टूथपिक ओली होती तर आत जळायला आलेलं. एकच ओटीजी, एकच सामान, टूथपिक दोन्ही वेळा उलटंच सांगून राहिली. हे रेसिपीचं नाही, मी काय बघते त्याचं दुखणं आहे असं वाटायला लागलंय.

१० एप्रिल, गुरुवार

दोन थर्मामीटर आले. एक ओटीजीच्या जाळीला अडकवायचं गोल काट्याचं, एक पोटात टोचायचं डिजिटल. दोन्ही मिळून दोन वेळच्या वाया गेलेल्या सामानाएवढ्या किमतीत आले, हे आधी सुचायला पाहिजे होतं.

डिजिटलवर लगेच विश्वास ठेवायचा नाही म्हणून आधी तपासलं. ग्लासात बर्फ आणि थोडं पाणी, हलवून सुई बुडवली, ० च्या आसपास. मग उकळत्या पाण्यात, ९९. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे त्यामुळे इथे पाणी शंभराच्या एखादा अंश आधीच उकळतं, म्हणजे ९९ बरोबर आहे.

आता ओटीजी. रिकामा लावला, डायल १८०, गोल काटा मधल्या जाळीवर टिन बसतो तिथेच. नवव्या मिनिटाला लाल दिवा बंद, काटा दीडशेलाही पोचलेला नव्हता. हे थर्मामीटरही जरा सावकाशच तापतं हे खरं, पण पुढे बघा. वीस मिनिटांनी काटा २१० वर, मग १९५ पर्यंत उतरला, परत २१०, असाच वरखाली. म्हणजे डायलवर १८० म्हणजे आत खरं दोनशेच्या वर. आणि दिवा बंद झाला म्हणजे तापला असं नाही, फक्त रॉड पहिल्यांदा बंद झाला, भिंती अजून तापायच्या असतात.

रविवारचं कोडं इथेच सुटलं. दोनशेच्या वर तापमान, वरचा रॉड जवळ, त्यामुळे वरची साय आणि कडा झपाट्याने कडक झाल्या आणि मधल्या भागापर्यंत उष्णता पोचायच्या आधीच मी काढली. आणि टूथपिक कोरडी कशी आली? मी ती मधोमध नाही, मधल्यापासून कडेकडे सरकून, तिरपी टोचली होती, आणि बाहेर ओढताना त्या जाड कडक सालीने ती पुसून काढली. रात्री मुद्दाम एका बिस्कीटाला बारीक भोक पाडून त्यातून खिरीत बुडवलेली काडी ओढून बघितली, बऱ्यापैकी पुसली गेली. हे बघून स्वतःलाच हसू आलं, पण पटलं.

मग डायल उतरवत गेले. १५० वर ठेवली की वीस मिनिटांनी काटा १६५ ते १७५ मधे डुलतो. मला १७० च पाहिजे. डायलवर त्या जागी लाल नेलपेंटचा ठिपका मारला. माझ्या ओटीजीचा १५० म्हणजे खरा १७०, दुसऱ्याच्या घरी हा आकडा उपयोगाचा नाही, ज्याने त्याने आपला मोजावा.

१३ एप्रिल, रविवार

खरं १७०, वीस मिनिटं पूर्ण तापवून. टिन मधल्या जाळीच्या एक खण खाली, वरचा रॉड लांब राहतो. या वेळी नुसतं काचेतून बघत बसले, स्टूल घेऊन, बाहेर ४२ आणि स्वयंपाकघरात ओटीजी, बाप्पा.

१५ मिनिटांपर्यंत सगळं पृष्ठभाग चकचकीत. मग कडा फुगल्या आणि चमक कडेकडून आत आत कमी होत गेली. २० च्या आसपास कडेपासून बोटभर अंतरावर बारीक भेगा, वर पापडासारखी पातळ साय. २१ ला दार उघडून टिन सांडशीने हलकेच हलवला, कडा स्थिर आणि मधला वाटीएवढा भाग अजून घट्ट दह्यासारखा थरथरत होता. मागच्या रविवारी मी ज्याला झालं समजले होते तेव्हा मधे दही नाही ताक असणार.

२३ ला मधोमध, सरळ, तळापर्यंत टूथपिक. पूर्ण काळी माखून आली. हात शिवशिवला पण डिजिटल टोचलं तर ८८. वाचलेल्या सगळ्याप्रमाणे ओलसर ब्राउनीला पंच्याऐंशी-नव्वद पुरे, आणि अंड्याची भीती तर ७१ ला संपते. तरी मनात टूथपिकच, आणखी चार मिनिटं ठेवली, ९४ ला काढली. संध्याकाळी कापली तर केकसारखी. वाईट नाही, पण वाढदिवसाची नाही.

काडीवर जे होतं ते काय होतं हा प्रश्न आहे. पीठ की वितळलेला चॉकलेटचा तुकडा? दोन्ही काळेच.

१९ एप्रिल, शनिवार

आज नीट प्रयोग. एका वेळच्या मिश्रणातून फक्त चॉकलेटचे तुकडे गाळले म्हणजे तो गोंधळ नको, आणि मिश्रण चार छोट्या फॉइलच्या डब्यांत वजन करून सारखं ओतलं. चारही एकत्र आत, आणि एकेक वेगळ्या तापमानाला बाहेर. प्रत्येकाची टूथपिक कागदावर चिकटवून खाली आकडा. डबे छोटे असल्याने मिनिटं मोठ्या टिनला लागू नाहीत, पण मधलं तापमान आणि काडी कशी दिसते ते लागू आहे.

पहिला डबा ७९ ला काढला. काडीवर पातळ चकचकीत थर, बोटाने पुसला की रंगासारखा पसरतो.

दुसरा ८६ ला. काडी आजही माखलेलीच, दुरून बघाल तर पहिल्यासारखीच वाटेल. पण चमक गेलेली आणि थर एकसारखा नाही, ओल्या मातीसारखे बारीक गोळे चिकटलेले, बोटात धरून चोळलं तर पसरत नाहीत, दबून एकत्र येतात. हा फरक डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतो.

तिसरा ९१ ला, काडीवर चारदोन चुरा. चौथा ९६ ला, काडी स्वच्छ, अगदी रेसिपीच्या पुस्तकात सांगतात तशी.

चारही डबे झाकून ठेवलेत, उद्या कापायचे. गरम असताना चव बघायची नाही हा नियम स्वतःलाच लावलाय आणि पोट्ट्यांना पण, ते फार नाराज आहेत.

एक गोष्ट लक्षात आली. ८६ चा डबा बाहेर ओट्यावर ठेवल्यावर सुई तशीच राहू दिली तर दोन-तीन मिनिटांत ८८ झाली. कडा आणि डबा मधल्या भागापेक्षा तापलेले असतात, ती उष्णता आत सरकत राहते. मोठ्या टिनमधे हे आणखी जास्त होणार असं धरते. काचेच्या भांड्यात तर बराच वेळ चालत असणार, काच उष्णता सोडत नाही लवकर.

२० एप्रिल, रविवार

सकाळी चारही कापले. आई, हे, चिनू आणि शेजारच्या काकू, कोणालाच आकडे सांगितले नव्हते.

७९ वाला मधे लापशी, फ्रीजमधून काढूनही चमच्यानेच. ८६ वाला चाकूला थोडा चिकटला, कापलेली बाजू गडद, घट्ट, थोडी चकाकणारी, चघळावा लागतो असा. ९१ वाला मऊ, पण मधे बारीक बारीक जाळी दिसायला लागलेली. ९६ वाला केक, काकूंच्या शब्दांत "हा चांगला फुगला गं", त्यांना तोच आवडला. असू दे, काकूंचं म्हणणं चूक नाही, पण भाचीला तो नको आहे. बाकी तिघांनी ८६ वाला उचलला.

म्हणजे ज्या काडीला आतापर्यंत मी "अजून कच्चं" म्हणत होते तीच बरोबर होती. कारण सरळ आहे, बटर आणि चॉकलेट मिळून दोनशे ग्रॅम, साखर दीडशे, आणि मैदा फक्त साठ. गरम असताना यातलं बहुतेक सगळं वितळलेलंच असतं, मैदा आणि अंड्याने बांधून ठेवलेलं, पण पातळ. काडीला ते लागणारच. घट्टपणा बराचसा थंड होताना येतो, चरबी गोठते तेव्हा. केकमधे मैदा जास्त, हवा जास्त, तिथे स्वच्छ काडी बरोबर आहे. आपण केकचा नियम ब्राउनीला लावतो आणि ओव्हनमधेच ती थंड झाल्यासारखी घट्ट व्हायची वाट बघतो.

२४ एप्रिल, गुरुवार

आता उरलेला प्रश्न, तुकड्यांचा. भाचीला वर आणि आत चॉकलेटचे तुकडे पाहिजेतच, तर काडी तुकड्यात घुसली का कच्च्या पिठात हे कसं ओळखायचं.

अर्धं मिश्रण छोट्या डब्यांत, या वेळी तुकड्यांसकट, ८६ ला काढून एकाच डब्यात तीन ठिकाणी टोचलं. एक काडी गुळगुळीत, एकसारखी, जाडसर माखलेली, चाटली तर नुसतं चॉकलेट, दाताखाली मैदा नाही. दोनांवर ते ओल्या मातीचे गोळे. चव बघून लगेच कळतं पण दर वेळी चाटत कोण बसणार. थंडीच्या दिवसात काडी ओट्यावर दोन मिनिटं ठेवली की चॉकलेट गोठून टणक होतं आणि पीठ चिकटच राहतं. पण आत्ता स्वयंपाकघर ३९ आणि चॉकलेट त्या आधीच वितळतं, दिवसभर ठेवली तरी गोठायची नाही. म्हणून एक स्टीलची वाटी फ्रीझरमधे उलटी ठेवली आणि काडी तिच्या बुडावर टेकवली. अर्ध्या मिनिटात चॉकलेटवाली कडक झाली, नखाने तुकडा निघाला. पिठाची काडी थंड झाली पण बोटाला लागतच राहिली.

चालतंय. पण खरं सांगायचं तर हातात डिजिटल असताना हा खटाटोप करायची गरज नाही, फक्त सुईसुद्धा तुकड्यात जाऊ शकते आणि एखादा अंश इकडे तिकडे दाखवते, म्हणून दोन ठिकाणी टोचून कमी असेल तो आकडा धरायचा.

२७ एप्रिल, रविवार

मोठा टिन, तुकड्यांसकट, रंगीत तालीम. १३ व्या मिनिटाला लाईट गेली. पंखा, कूलर, ओटीजी सगळं एकदम गप्प.

हे म्हणाले टिन बाहेर काढ. नाही काढला, दार पण उघडलं नाही. काटा काचेतून दिसत होता, हळूहळू १३० पर्यंत उतरला. २२ मिनिटांनी लाईट आली. आता घड्याळ बाद झालं, १३ मधे किती धरायचे कोणालाच सांगता येणार नाही. काटा परत १७० वर यायला सहा-सात मिनिटं लागली, तेव्हा टोचून बघितलं तर ८१, म्हणजे बंद ओव्हनमधेही ती शिजतच होती. आणखी पाच मिनिटांत ८७, काढली.

वर साय नीट नाही आली, सुरकुतलेली, भेगा नाहीत. बघून कोणी झाली म्हणणार नाही. आतून मात्र जवळजवळ तीच. म्हणजे वरच्या दिसण्यावरही सगळं सोडता येत नाही, लाईट गेली तर तेही खोटं ठरतं. मधलं तापमान तेवढं कामाला आलं.

दुसरी एक चूक माझी. थंड करायला टिन कूलरच्या समोर ठेवला. कूलरची हवा ओली, तासाभरात वरची साय पापडावरून वातड झाली, साखर पाणी ओढते. पुढे पंख्याखाली, आणि कोमट झाली की झाकून फ्रीजमधे. नागपुरात मे महिन्यात ओट्यावर ठेवून ब्राउनी घट्ट होत नाही, बटरच गोठत नाही तर ती कुठून होणार. रात्रभर फ्रीज, कापताना काढायची.

३ मे, शनिवार

दोन टिन करायचे, एकावेळी एकच मावतो नीट. दोन टाकून बघितले होते मागे, हवा फिरत नाही, मागचा आधी होतो आणि पुढचा रुसून बसतो. एकामागे एक.

सकाळी सहाला सुरू केलं, वीज पण स्थिर असते आणि घर पण भट्टी झालेलं नसतं. नेलपेंटच्या ठिपक्यावर डायल, वीस मिनिटं, काटा १७०.

पहिला टिन: १९ ला काचेतून भेगा दिसल्या, २१ ला हलवला तर मधे थोडीच थरथर, वाटीएवढी नाही, बशीतल्या जेलीएवढी. टोचलं ८३ आणि ८५. २३ ला ८६ आणि ८७. काढला. काडी पण टोचली, सवयीने. मातीचे गोळे, चमक नाही.

दुसरा टिन: मिश्रण वीस मिनिटं थांबलं होतं ओट्यावर, कोमटच होतं, आणि ओटीजीच्या भिंती आता पूर्ण तापलेल्या. १९ लाच ८५. बरं झालं लवकर बघितलं, पहिल्याचे २३ धरून बसले असते तर काकूंचा केक झाला असता. २० ला ८७, काढला.

आई उठून आल्या, ओट्यावर काळी माखलेली टूथपिक बघितली आणि म्हणाल्या, "अगं कच्ची हाय ना ही, परत ठेव."

"आई, थर्मामीटर बघा."

"मी नाही बघत ते. उद्या कापली की बघीन."

४ मे, रविवार

सकाळी फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ठेवली, लांब चाकू गरम पाण्यात बुडवून पुसून कापली, दर कापाला परत पुसून. दोन टिनचे बत्तीस तुकडे. कडा सरळ, मधे गडद आणि घट्ट, कुठे कुठे चॉकलेटचा पांढरट न झालेला तुकडा. दुसऱ्या टिनचा मधला एक तुकडा थोडा जास्तच मऊ होता, तो आईंनी उचलला आणि काही बोलल्या नाहीत, दुसरा पण घेतला.

पार्टीला एक पाहुणे अंडं न खाणारे निघाले. बिनअंड्याची ब्राउनी वेगळी, तिला बांधून ठेवणारी वस्तूच वेगळी, हे ८६-८७ चे आकडे तिला लावायचे नाहीत. त्यांना आंबे दिले. ती नोंद जूनमधे, पाऊस पडल्यावर.